कार्यानुभवाचा दाखला : पद, कालावधी व वर्तणूक अचूक कशी लिहावी

(एका रोपवाटिकेतील दाखल्याच्या फेरलेखनाचे उदाहरण)

कृषि पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी खेड्यात येऊन राहतात, हे शेतकरी बंधूंना परिचयाचे आहेच. त्यांखेरीज कृषि तंत्र पदविका पूर्ण केलेली मुले-मुलीही हल्ली रोपवाटिका, माती परीक्षण प्रयोगशाळा, शेतकरी उत्पादक कंपन्या व ठिबक संचाची दुकाने येथे काही महिने प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी राहतात. यास हल्ली सर्रास इंटर्नशिप असे म्हटले जाते. काम संपल्यावर त्यांना अनुभवाचा दाखला द्यावा लागतो, आणि तो लिहिण्याचे काम बहुधा रोपवाटिकेच्या किंवा दुकानाच्या मालकाकडे येते. रोपांची जोपासना उत्तम जाणणारा गृहस्थ हा अर्ध्या पानाचा कागद लिहिताना मात्र अडखळतो व कोठून तरी मिळालेला जुना नमुना उतरवून देतो. अशा एका दाखल्याने कोणती अडचण उत्पन्न झाली व तो पुन्हा कसा लिहिण्यात आला, याची हकीकत प्रस्तुत लेखात दिली आहे. संबंधितांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत.

मूळ दाखला

भाजीपाल्याची रोपे तयार करणाऱ्या एका रोपवाटिकेत पदविकाधारक मुलीने सन २०२५ च्या खरीप हंगामात काम केले. काम संपल्यावर मालकांनी तिला दिलेला दाखला पुढीलप्रमाणे होता :

“दाखला देण्यात येतो की, कुमारी (नाव) यांनी आमच्या सुप्रसिद्ध रोपवाटिकेत सुमारे सहा महिने व्यवस्थापक म्हणून इंटर्नशिप अत्यंत उत्कृष्टपणे पूर्ण केली आहे. त्यांना रोपवाटिकेच्या सर्व कामांचा सखोल अनुभव असून त्यांच्या काळात रोपवाटिकेने सहा लाख रोपांचे विक्रमी उत्पादन काढले. त्या अतिशय प्रामाणिक, कष्टाळू व हुशार असून त्यांचे चारित्र्य निष्कलंक आहे. त्यांच्या उज्ज्वल भविष्यास आमच्या शुभेच्छा. दि. ३ नोव्हेंबर २०२५.”

खाली न वाचता येणारी सही होती. सही करणाराचे नाव, हुद्दा, दूरध्वनी क्रमांक अथवा जावक क्रमांक यांपैकी काहीच नव्हते.

ह्या दाखल्यासह मुलीने एका बियाणे कंपनीकडे अर्ज केला. कंपनीच्या कचेरीतून रोपवाटिकेत दूरध्वनी आला. मालक शेतावर होते, त्यांच्या मुलाने दूरध्वनी घेतला. “किती दिवस होत्या?” या प्रश्नास त्याने “चार-पाच महिने असतील” असे उत्तर दिले, आणि “व्यवस्थापक कोण?” या प्रश्नास “वडीलच बघतात” असे सांगितले. त्याचे म्हणणे खरेच होते. पण ते दाखल्याशी जुळत नव्हते. मुलीने आपल्या अर्जात स्वतः “प्रशिक्षणार्थी” असेच लिहिले होते. कंपनीने अर्ज फेटाळला नाही. मात्र खुलासा येईपर्यंत तो बाजूस ठेवला. मुलगी व तिचे वडील दाखला घेऊन मालकांकडे गेले, आणि मालक तो घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले.

दोष नेमका कोठे होता ?

मालकांचा हेतू चांगला होता. मुलीने मन लावून काम केले होते व तिचे भले व्हावे म्हणून त्यांनी चांगले तेवढे सर्व शब्द वापरले होते. परंतु दाखला हा आशीर्वाद नव्हे. ती साक्ष आहे. वाचणारा मनुष्य मालकांस ओळखत नाही व मुलीसही ओळखत नाही. जे विधान त्यास पडताळून पाहता येते, त्यावरच तो विश्वास ठेवतो. आणि एक विधान पडताळणीत खोटे ठरले की शेजारची खरी विधानेही तो संशयाने वाचू लागतो. येथे मुलीचा प्रामाणिकपणा खरा होता. “प्रामाणिक” हा शब्द मात्र “व्यवस्थापक” या चुकीच्या शब्दाच्या सोबतीस बसल्यामुळे निरुपयोगी झाला.

यास्तव फेरलेखन म्हणजे भाषा अधिक भारदस्त करणे नव्हे. रोपवाटिकेतील नोंदी पुढ्यात घेऊन, जेवढे त्या नोंदींतून सिद्ध होते तेवढेच लिहिणे, हे फेरलेखनाचे काम होय. म्हणून आम्ही प्रथम तीन वस्तू मागविल्या : हजेरीपत्रक, रोपांच्या उगवणीची नोंदवही आणि विद्यावेतन दिल्याच्या बँकेतील नोंदी. दाखल्याचा कागद त्यानंतर हाती घेतला.

कालावधी

“सुमारे सहा महिने” हे मालकांनी कसे मोजले, असे विचारता त्यांनी बोटांवर मोजून दाखविले : जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. म्हणजे त्यांनी महिन्यांची नावे मोजली होती. दाखला लिहिण्याचा दिवस नोव्हेंबरात पडला म्हणून तोही महिना धरला गेला. ही चूक फार ठिकाणी होते. तपासणाऱ्यास ती सापडण्यास विलंबही लागत नाही. ३ नोव्हेंबरपासून सहा महिने मागे गेले की ३ मे येते, आणि त्या दिवसांत तर मुलीची पदविकेची अंतिम परीक्षा चालू होती. गुणपत्रिका व दाखला शेजारी ठेवताच विसंगती दिसते.

येथे प्रस्तुत लेखकाकडूनही घाई झाली, हे नमूद करणे योग्य होईल. मालकांचे म्हणणे ऐकून आम्ही कच्च्या मसुद्यात सहाच्या जागी “पाच महिने” असे लिहून टाकले. हजेरीपत्रक उघडल्यावर तेही तंतोतंत नाही असे आढळले. पहिली हजेरी सोमवार, दि. २ जून २०२५ रोजीची व शेवटची शुक्रवार, दि. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीची होती. दोन्ही दिवस धरून हे १५२ दिवस होतात. परंतु मध्ये दि. ६ ते १८ ऑक्टोबर या दोन आठवड्यांत हजेरी नव्हती. घरच्या सोयाबीनच्या काढणीसाठी ती मालकांस सांगून गावी गेली होती.

हजेरीचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडण्यात आला. १५२ दिवसांतून २१ रविवार वजा केले असता १३१ दिवस उरले. स्वातंत्र्यदिन, गणेशचतुर्थी व दसरा यांचे तीन आणि दिवाळीचे तीन असे सुट्टीचे सहा दिवस वजा जाता कामाचे दिवस १२५ झाले. काढणीच्या रजेत कामाचे १२ दिवस गेले व जुलैमध्ये आजारपणाचे ३ दिवस गेले. अशा रीतीने प्रत्यक्ष उपस्थितीचे दिवस ११० ठरले. हजेरीपत्रकावरील सह्या मोजून पाहिल्या, त्याही ११० भरल्या. दोन मार्गांनी एकच आकडा येणे ही हिशेब बरोबर असल्याची चांगली खूण आहे. आकडे जुळले नाहीत तर प्रथम सुट्टीचे दिवस पुन्हा तपासावेत. रविवारी येणारा सण दोनदा वजा होण्याची चूक नेहमी होते.

या ठिकाणी मालकांनी विचारले, “साहेब, सहाचे पाच केले, वर दोन आठवड्यांची रजाही लिहिली, तर पोरीचं नुकसान नाही का व्हायचं?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे की, रजा लपविल्याने ती नाहीशी होत नाही. त्या दोन आठवड्यांत मुलगी गावी होती हे हजेरीपत्रकास ठाऊक आहे, उगवणीच्या नोंदवहीत त्या दिवसांचे हस्ताक्षर दुसऱ्याचे आहे, आणि मुलाखतीत “ऑक्टोबरात काय केले?” असा प्रश्न आल्यास तिला खोटे बोलावे लागले असते. परवानगीने घेतलेली रजा लिहिल्यास तिला कोणताही डाग लागत नाही. उलट उरलेला कालावधी निःशंक होतो.

रजेचे कारण दाखल्यात लिहिण्याची मात्र गरज नसते. “पूर्वपरवानगीने रजा” एवढे पुरेसे आहे. आजारपणाचे तीन दिवस वेगळे दाखविण्याचेही कारण नाही. ते उपस्थितीच्या एकूण आकड्यात आलेच आहेत. दिवसाचे काम किती तासांचे होते, हे मात्र अवश्य लिहावे. सकाळी दोन तास येणारा व दिवसभर राबणारा असे दोघेही “पाच महिने” काम करतात; पण त्यांचा अनुभव सारखा नसतो. सदर रोपवाटिकेत ती सकाळी ८ ते दुपारी ४ अशी येत असे व मध्ये एक तास जेवणाची सुट्टी असे. म्हणून “दररोज ७ तास” असे लिहिण्यात आले.

पुष्कळ लहान रोपवाटिकांत हजेरीपत्रकच नसते. अशा वेळी विद्यावेतनाच्या बँकेतील नोंदी, विद्यार्थ्याची दैनंदिनी, त्याने लिहिलेली पाण्याची अथवा विक्रीची वही यांवरून कालावधी ठरवावा. तरीही नेमका दिवस निश्चित होत नसेल तर तो कल्पनेने भरू नये. “जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत, उपलब्ध नोंदींनुसार” असे लिहिणे योग्य होय. आठवत नसलेली तारीख ठामपणे लिहिणे हे “सुमारे सहा महिने” लिहिण्याइतकेच सदोष आहे.

पद व प्रत्यक्ष काम

“व्यवस्थापक” हा शब्द कसा आला, याचेही कारण साधे होते. मालक बाहेरगावी असताना मजुरांना दिवसाचे काम मुलगी सांगत असे. परंतु काम कोणते करावयाचे हे मालक आदल्या संध्याकाळी ठरवून देत. मजुरी ठरविणे, बियाणे खरेदी करणे, रोपांचा भाव ठरविणे, यांपैकी काहीही तिच्याकडे नव्हते. ज्याच्याकडे निर्णय नाही त्यास व्यवस्थापक म्हणता येत नाही. म्हणून पद “प्रशिक्षणार्थी (भाजीपाला रोपवाटिका)” असे लिहिण्यात आले आणि काम कोणाच्या देखरेखीखाली झाले तेही नमूद करण्यात आले.

येथे आणखी एका शब्दाबद्दल सावध राहणे जरूर आहे. कित्येक जण इंटर्नशिपसाठी “शिकाऊ उमेदवार” असा शब्द वापरतात. बोलण्यात त्यास हरकत नाही. परंतु शिकाऊ उमेदवारीस सन १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये विशिष्ट अर्थ आहे. तीत उभयतांत करार होतो व त्याची रीतसर नोंदणी होते. असा करार झालेला नसताना दाखल्यात तो शब्द आल्यास वाचणारा कराराचा क्रमांक मागेल आणि तो देता येणार नाही. यास्तव “प्रशिक्षणार्थी” अथवा सरळ “इंटर्न” असे लिहावे.

पदापेक्षाही महत्त्वाचे ते प्रत्यक्ष काम. “सर्व कामांचा सखोल अनुभव” या शब्दांतून वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. रोपवाटिकेतील कामे आम्ही क्रमाने मोठ्याने वाचली व प्रत्येक कामापुढे मुलीने काय केले होते ते मालकांस विचारले : तिने ते केवळ पाहिले, त्यात साहाय्य केले, देखरेखीखाली स्वतः केले, की स्वतंत्रपणे केले ? हे चार प्रकार निरनिराळे आहेत व दाखल्यातील क्रियापद त्याप्रमाणेच बदलले पाहिजे.

या रीतीने विचारता पुढील गोष्टी स्पष्ट झाल्या. कोकोपीट भिजवून ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे भरणे, प्रत्येक कप्प्यात एक बी टोकणे, ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकच्या कागदाने झाकणे आणि अंकुर दिसू लागताच ते शेडनेटमध्ये मांडणे ही कामे ती प्रथम मजुरांबरोबर व पुढे देखरेखीखाली स्वतः करीत असे. उगवणीची नोंदवही मात्र दि. १४ जुलैपासून तिने एकटीने ठेवली. तीत तिच्या हस्ताक्षरात टोमॅटो, मिरची व कोबी यांच्या ३८ खेपांच्या नोंदी होत्या. औषधांच्या फवारणीच्या वेळी ती उपस्थित असे, परंतु औषध मोजणे व मिसळणे हे काम मालक स्वतःच करीत. कलमी रोपे तयार करण्याचे काम ह्या रोपवाटिकेत होतच नाही.

आता पाहावे की, “सर्व कामे” या दोन शब्दांनी किती घोटाळा केला असता. त्या शब्दांवर विसंबून एखाद्याने मुलीच्या हाती पहिल्याच दिवशी कीटकनाशकाची बाटली दिली असती, तर तिची व पिकाची दोहोंची हानी झाली असती. तिला न येणारे काम दाखल्यात लिहिणे म्हणजे तिच्यावर उपकार करणे नव्हे. उलटपक्षी, तिला खरोखर जे उत्तम येत होते ते, म्हणजे उगवणीची नोंद, मूळ दाखल्यात कोठेच नव्हते. बियाणे कंपनीस तर नेमके तेच हवे असते. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये ९१ रोपे उगवली तर उगवण ९३ टक्के झाली, हे मांडणे सोपे आहे. पण कोणत्या दिवशी मोजावे, वाकडी व अशक्त रोपे धरावीत की वगळावीत आणि प्रत्येक खेपेस तोच नियम कसा पाळावा, यास शिस्त लागते. ३८ खेपांची सलग वही ही त्या शिस्तीची साक्ष होती.

“त्यांच्या काळात सहा लाख रोपांचे विक्रमी उत्पादन” हे वाक्य काढून टाकण्यात आले. ती रोपे रोपवाटिकेने काढली. त्यात मालकांचे भांडवल, मजुरांचे श्रम व हंगामाची साथ होती. प्रशिक्षणार्थीच्या दाखल्यात संस्थेचा आकडा आला की वाचणारा हसतो. प्रशिक्षणार्थीच्या हातून जे झाले, त्याचाच आकडा द्यावा. आणि असे एक-दोन आकडे पुरेत.

वर्तणूक

तिसरा भाग वर्तणुकीचा. मूळ दाखल्यात “चारित्र्य निष्कलंक आहे” असे होते. चारित्र्य हा मनुष्याच्या संपूर्ण आयुष्याचा विषय आहे. मालकांनी त्यातील पाच महिने व तेही दिवसातील काही तास पाहिले होते. त्यांस साक्ष देता येते ती आपल्या जागेतील, त्या कालावधीतील वर्तणुकीची. म्हणून “या कालावधीतील वर्तणूक चांगली होती” असे लिहावे. हे वाक्य साधे दिसते, परंतु ते देणारा मनुष्य त्यामागे निर्धास्तपणे उभा राहू शकतो. “समाधानकारक” हा शब्द टाळलेला बरा. कचेरीच्या भाषेत तो कित्येकदा “जेमतेम” या अर्थाने वाचला जातो.

चार विशेषणांच्या ऐवजी एक घडलेली गोष्ट लिहिता आली तर ती अधिक बोलते. “प्रामाणिक कशावरून म्हणता?” असे विचारल्यावर मालक क्षणभर थांबले व मग त्यांनी एक प्रसंग सांगितला. ऑगस्टमध्ये मिरचीच्या दोन वाणांच्या ट्रेवरील चिठ्ठ्या मुलीच्या हातून अदलाबदल झाल्या. चूक कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी पेरणीची वही जुळविताना तिला ती दिसली. तिने त्याच सकाळी मालकांस येऊन सांगितले व २४ ट्रे वेगळे काढून चिठ्ठ्या दुरुस्त केल्या. ती गप्प बसली असती तर शेतकऱ्याच्या रानात मिरची लागेपर्यंत हे उघडकीस आले नसते, आणि नुकसान तर तिसऱ्याच माणसाचे झाले असते. हे ऐकून आम्ही मालकांस म्हटले, “निष्कलंक चारित्र्याऐवजी हेच लिहा.”

परंतु ही गोष्ट लिहावी की नाही, हे प्रथम मुलीस विचारण्यात आले. कारण तीत तिची चूकही आहे. तिने थोडा विचार करून संमती दिली, फक्त “चूक माझी होती” हे वाक्य नको असे म्हटले. तिचे म्हणणे मान्य करून “चिठ्ठ्यांतील चूक स्वतः शोधून त्याच दिवशी कळविली” असे लिहिले. हे विधान खरे आहे, आणि दूरध्वनीवर कोणी विचारल्यास मालक तेच सांगतील.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सांगण्याजोगा प्रसंग नसेल तर तो रचू नये. एका ओळीत वर्तणूक लिहून थांबावे. वर्तणूक खरोखरच वाईट असेल तर दाखल्यात तक्रारींची यादी करणे उचित नाही, आणि “चांगली” असे लिहिणेही उचित नाही. अशा वेळी पद, काम व कालावधी एवढेच लिहून द्यावे व तसे करीत असल्याचे संबंधितास समक्ष सांगावे. वर्तणुकीची ओळ नसलेला दाखला तपासणाऱ्याच्या ध्यानात येतो. म्हणूनच चांगल्या प्रशिक्षणार्थीच्या दाखल्यात ती ओळ विसरून गाळली जाऊ नये.

फेरलिखित दाखला

वरील सर्व चर्चेनंतर दाखला पुढीलप्रमाणे तयार झाला :

“जावक क्र. १७/२०२५. दि. २४ नोव्हेंबर २०२५.

सुधारित कार्यानुभव दाखला

(दि. ३ नोव्हेंबर २०२५ रोजीचा दाखला या दाखल्याने रद्द समजावा.)

कुमारी (शाळेच्या दाखल्याप्रमाणे संपूर्ण नाव), कृषि तंत्र पदविकाधारक, यांनी आमच्या भाजीपाला रोपवाटिकेत दि. २ जून २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या कालावधीत प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. दि. ६ ते १८ ऑक्टोबर या दिवसांत त्या पूर्वपरवानगीने रजेवर होत्या. हजेरीपत्रकानुसार त्यांची प्रत्यक्ष उपस्थिती ११० दिवस, दररोज ७ तास, इतकी होती.

या कालावधीत त्यांनी माझ्या देखरेखीखाली प्रो-ट्रे भरणे, बी टोकणे व उगवलेले ट्रे शेडनेटमध्ये मांडणे ही कामे केली. दि. १४ जुलैपासून टोमॅटो, मिरची व कोबी यांच्या ३८ खेपांची उगवणीची नोंदवही त्यांनी स्वतंत्रपणे ठेवली. औषध फवारणीच्या कामाचे त्यांनी केवळ निरीक्षण केले.

त्यांची या कालावधीतील वर्तणूक चांगली होती. ऑगस्टमध्ये मिरचीच्या २४ ट्रेवरील चिठ्ठ्यांतील चूक त्यांनी स्वतः शोधून त्याच दिवशी कळविली व दुरुस्त केली.

हा दाखला त्यांच्या विनंतीवरून रोपवाटिकेतील नोंदींच्या आधारे देण्यात येत आहे.

(सही, संपूर्ण नाव, मालक, रोपवाटिकेचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, शिक्का)”

मूळ दाखल्याशी ताडून पाहता हा थोडासा लांब आहे. परंतु त्यात एकही विशेषण वाया गेलेले नाही. शुभेच्छांचे वाक्य गाळले आहे. त्या मुलीस तोंडी द्याव्यात; कागदावर त्यांचे काम नाही.

देण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

दाखला दुरुस्त करताना जुन्याच कागदावर खाडाखोड करू नये. नवीन दाखला लिहावा. त्यावर तो सही करण्याच्या दिवसाचीच तारीख घालावी. मालकांचा पहिला विचार नव्या दाखल्यावर ३ नोव्हेंबर हीच जुनी तारीख घालण्याचा होता. तसे केले असते तर एकाच तारखेचे, एकमेकांशी न जुळणारे दोन दाखले कंपनीच्या हाती पडले असते व संशय दूर होण्याऐवजी वाढला असता. “सुधारित” हा शब्द व जुना दाखला रद्द केल्याची ओळ यांत कमीपणा काही नाही. जुना कागद परत घेऊन त्यावर “रद्द” असे लिहून तो नव्या दाखल्याच्या स्थळप्रतीबरोबर ठेवावा.

स्थळप्रत ठेवणे फार अगत्याचे आहे. दूरध्वनी येतो तेव्हा तो कोण घेईल हे सांगता येत नाही. रोपवाटिकेत जो कोणी उत्तर देईल त्याने स्मरणावर न विसंबता स्थळप्रत पाहून उत्तर द्यावे. वर सांगितलेल्या प्रकरणात मालकांच्या मुलाची काहीच चूक नव्हती. त्याच्यापुढे पाहण्यास कागदच नव्हता.

ज्यांस दाखला हवा आहे त्या विद्यार्थ्यांनीही अखेरच्या दिवशी केवळ “दाखला द्या” असे म्हणून उभे राहू नये. आपण केलेली कामे, तारखा व त्या कोणत्या वहीत नोंदल्या आहेत याचा अर्ध्या पानाचा तपशील द्यावा. मालकांनी तो जसाच्या तसा उतरवून न घेता वहीशी ताडावा. उभयतांच्या आठवणीत फरक असेल तेथे वहीतील नोंद ग्राह्य धरावी.

सुधारित दाखला मुलीने कंपनीस पाठविला. पुन्हा दूरध्वनी आला, या वेळी मालकांनी स्थळप्रत पाहून उत्तरे दिली व ती दाखल्याशी जुळली. परंतु तिने ज्या जागेसाठी प्रथम अर्ज केला होता त्या जागेस किमान सहा महिन्यांच्या अनुभवाची अट होती. ती जागा तिला मिळाली नाही. तिचा अनुभव पाच महिन्यांहूनही एक दिवस कमी होता, आणि हे सत्य कोणत्याही लेखनकौशल्याने बदलणारे नव्हते. त्याच कंपनीत उगवण चाचणीच्या कामासाठी तीन महिन्यांच्या अनुभवाची अट असलेली दुसरी जागा होती. तिच्या मुलाखतीस तिला बोलावणे आले. मुलाखतीत तिला अधिकांशी प्रश्न त्या ३८ खेपांच्या वहीविषयी विचारण्यात आले, असे तिने मालकांस येऊन सांगितले. हा लेख लिहीपर्यंत निकाल कळलेला नाही.

मालकांनी आता हजेरीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक रकाना वाढविला आहे. प्रशिक्षणार्थीने त्या महिन्यात कोणते काम पाहिले, कशात साहाय्य केले व काय स्वतः केले, हे ते महिनाअखेरीस तीन ओळींत लिहून ठेवतात. पुढील दाखला लिहिताना त्यांस कोणाकडे जाण्याची गरज पडणार नाही.